विस्तारित पिंगमधला ‘सोर्स’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

स्विचवरून विशिष्ट मार्ग तपासायचा झाला की हात आपोआप `source` या शब्दाकडे जातो. आज्ञा दिली जाते, पाच उद्गारचिन्हे उमटतात आणि निवडलेली लिंक चालू असल्याची नोंद होते. या नोंदीत पुष्कळदा निम्मेच सत्य असते, कारण `source` हा शब्द पॅकेट कुठून बाहेर पडेल हे ठरवत नाही, तर उत्तर कुठे परत येईल हे ठरवतो. हा घोळ कुठून आला हे समजण्यासाठी काही जुने निर्णय पाहावे लागतात.

१९८१ च्या सप्टेंबरमध्ये आयपी आणि आयसीएमपी यांची तपशिले प्रसिद्ध झाली, १९८३ च्या डिसेंबरमध्ये पिंग लिहिला गेला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रेसराउट आला. त्या काळी पॅकेटला मार्ग सांगण्याची एक खरीखुरी सोय आयपीमध्येच होती. शीर्षकातल्या पर्यायांत मधल्या राउटरांचे पत्ते लिहून ‘या या ठिकाणांवरून जा’ असे सांगता येत असे. या सोयीला सोर्स राउटिंग म्हणत. तिचे सैल आणि कडक असे दोन प्रकार होते, आणि विस्तारित पिंगच्या संवादात `Loose, Strict, Record` हे शब्द आजही विचारले जातात ते याच सोयीचे अवशेष म्हणून. पाठवणाऱ्याने ठरवलेला मार्ग सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा ठरला आणि बहुतेक जाळ्यांनी अशी पॅकेटे टाकून द्यायला सुरुवात केली. आयपीच्या सहाव्या आवृत्तीतली तशीच सोय २००७ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढली गेली. मार्ग निवडणारा ‘सोर्स’ असा नाहीसा झाला आणि केवळ पत्ता निवडणारा ‘सोर्स’ मागे उरला. एकाच संवादात दोन्ही अर्थांचे प्रश्न शेजारी-शेजारी येतात, हे माझ्या मते या गोंधळाचे पहिले कारण आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एका यंत्राला अनेक इंटरफेस आणि अनेक पत्ते असतील, तर त्यातून निघणाऱ्या पॅकेटचा पत्ता आणि त्याची बाहेर पडण्याची वाट यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न १९८९ च्या यजमान-यंत्रांविषयीच्या नियमावलीत स्पष्टपणे मांडला गेला. तिथे दोन प्रतिमाने दिली आहेत. कडक प्रतिमानात मार्ग शोधताना गंतव्याच्या पत्त्यासोबत स्रोताचा पत्ताही विचारात घेतला जातो, म्हणजे ज्या इंटरफेसचा पत्ता त्याच इंटरफेसमधून पॅकेट जाते. सैल प्रतिमानात मार्ग फक्त गंतव्यावरून ठरतो आणि स्रोताचा पत्ता हे पॅकेटवरचे केवळ एक लेबल असते. नियमावलीने यांपैकी एकाची सक्ती केली नाही. राउटरचा स्वभाव मुळातच दुसऱ्या प्रतिमानाशी जुळणारा असल्याने पुढे त्यांनी तेच धरले, आणि राउटिंग करणाऱ्या स्विचांनीही त्यांचेच अनुकरण केले. निर्णय तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखा होता. मात्र आज्ञेत ‘सोर्स इंटरफेस’ असे लिहायला लावून वागणूक सैल ठेवल्याने वाचणाऱ्याच्या मनात कडक प्रतिमान उभे राहते, आणि याची किंमत देखभाल करणारी माणसे आजही मोजतात. त्या जागी ‘उत्तराचा पत्ता’ असे नाव असते तर कित्येक चुकीचे निष्कर्ष टळले असते.

स्विचांच्या बाबतीत हा प्रश्न उशिरा उद्भवला. केवळ दुसऱ्या थरावर काम करणाऱ्या स्विचला व्यवस्थापनापुरता एकच पत्ता असे, त्यामुळे निवडायला काही नव्हतेच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राउटिंग करणारे स्विच रुळले, प्रत्येक व्हीएलॅनला स्वतःचा इंटरफेस आणि पत्ता मिळाला, आणि एकाच खोक्यात पत्त्यांची गर्दी झाली. साधा पिंग अशा वेळी सहसा ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडते त्याचाच पत्ता वापरतो. म्हणूनच व्हीएलॅन ३० मधल्या वापरकर्त्यांचा सर्व्हरशी संपर्क तुटलेला असताना त्याच स्विचवरून केलेला साधा पिंग निर्दोष चालतो. पॅकेट अपलिंकच्या पत्त्याने जाते आणि तो पत्ता पलीकडच्या राउटरला माहीत असतो, पण व्हीएलॅन ३० च्या जाळ्याकडे परतण्याची वाट त्याला माहीत नसते. या दोषासाठी `source` अगदी योग्य हत्यार आहे:

```
ping 10.50.0.250 source vlan 30 repeat 100
```

साधा पिंग यशस्वी आणि हा मात्र शंभरच्या शंभर ठिपके, असे दिसले तर दोष बहुधा परतीच्या वाटेत किंवा मधल्या एखाद्या गाळणीत आहे. फक्त पहिलाच ठिपका आणि पुढे सगळी उद्गारचिन्हे असतील तर काळजीचे कारण नाही. पहिले पॅकेट बहुधा शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात गेलेले असते.

आता खरी अडचण पाहू. एका स्विचपासून एका राउटरकडे दोन लिंक आहेत, असे धरू. मुख्य लिंकवर स्विचकडे 172.16.1.2 व राउटरकडे 172.16.1.1 हा पत्ता आहे, राखीव लिंकवर अनुक्रमे 172.16.2.2 आणि 172.16.2.1. राउटरच्या पलीकडे 10.50.0.250 हे चाचणीचे यंत्र आहे आणि स्विचचे राउटिंग टेबल तिथे मुख्य लिंकवरून जायला सांगते. राखीव लिंक तपासण्यासाठी तिचा पत्ता सोर्स म्हणून दिला, तर पॅकेट मुख्य लिंकवरूनच जाते. राउटरला 172.16.2.2 हे राखीव लिंकवर थेट जोडलेले दिसते, म्हणून उत्तर मात्र राखीव लिंकवरून येते. राखीव लिंकची जाण्याची बाजू बिघडलेली असली तरी उद्गारचिन्हे उमटतातच. उलटाही फसवा प्रकार घडतो: राउटरने मुख्य लिंकवर स्रोताच्या पत्त्याची कडक उलट-तपासणी लावलेली असेल, तर ‘हा पत्ता या दाराचा नाही’ म्हणून तो पॅकेट टाकून देतो आणि दोन्ही लिंक ठणठणीत असताना चाचणी नापास होते.

हे ओळखायची खात्रीची जागा म्हणजे इंटरफेसवरचे मोजमाप. हजार पॅकेटांचा पिंग सोडण्यापूर्वी आणि नंतर राखीव लिंकचे आत आलेल्या व बाहेर गेलेल्या पॅकेटांचे आकडे पाहावेत. आत येणारा आकडा साधारण हजाराने वाढला आणि बाहेर जाणारा राउटिंग प्रोटोकॉलच्या तुरळक पॅकेटांपुरताच हलला, तर चाचणी अर्धीच झाली आहे. दोन्ही दिशा त्याच लिंकवर आणायच्या तर चाचणीच्या एकाच पत्त्यासाठी तात्पुरता मार्ग द्यावा लागतो:

```
ip route 10.50.0.250 255.255.255.255 172.16.2.1
ping 10.50.0.250 source 172.16.2.2 repeat 1000
```

यातली पहिली ओळ कॉन्फिगरेशनमध्ये लिहायची आणि दुसरी नेहमीच्या आज्ञारेषेवर. पहिली जाण्याची वाट ठरवते, दुसरी परतीची. दोन्ही मिळून ‘एक विशिष्ट मार्ग’ तयार होतो. निवडलेले यंत्र इतर कुणाच्या वापरात नसावे, कारण त्याच्याकडे जाणारी इतर रहदारीही या मार्गाने वळते, आणि चाचणी संपताच ती ओळ काढून टाकावी. केवळ लिंकच तपासायची असेल तर 172.16.2.1 लाच थेट पिंग करणे सोपे. हा पत्ता थेट जोडलेल्या जाळ्यातला असल्याने जाण्याची वाट आपोआप तीच राहते, मात्र मग राउटरच्या पलीकडचे काहीच तपासले जात नाही.

ट्रेसराउट या प्रसंगी साक्षीदार म्हणून उपयोगी वाटतो, पण त्याची साक्षही तपासून घ्यावी लागते. टीटीएल संपल्याची सूचना पाठवताना राउटरने कोणता पत्ता लावावा याविषयी १९९५ च्या राउटर-नियमावलीने सांगितले, की ती सूचना ज्या इंटरफेसमधून बाहेर पडते त्याचा पत्ता लावावा. प्रत्यक्षात पुष्कळ राउटर पॅकेट ज्या इंटरफेसवर आले त्याचा पत्ता लावतात, आणि मार्ग शोधणाऱ्याला तेच हवे असते. वरच्या उदाहरणात तात्पुरता मार्ग न देता राखीव पत्त्याने ट्रेसराउट केला, तर दुसऱ्या प्रकारचा राउटर पहिल्या टप्प्यावर 172.16.1.1 दाखवतो आणि घोळ उघड होतो. नियम तंतोतंत पाळणारा राउटर मात्र 172.16.2.1 दाखवतो, कारण सूचना राखीव लिंकवरून परत निघते. पडद्यावर राखीव मार्गच उमटतो आणि पॅकेट गेलेले असते मुख्य मार्गाने. म्हणून अंतिम शब्द इंटरफेसवरच्या आकड्यांचाच.

अलीकडच्या काळात दोन गोष्टींनी चित्र आणखी बदलले. समान किमतीचे अनेक मार्ग वापरात असताना स्विच स्रोत व गंतव्य यांच्या पत्त्यांवरून, आणि बऱ्याचदा पोर्टांवरूनही, गणित करून त्यांपैकी एक निवडतो. इथे सोर्स बदलल्याने जाण्याची वाटही बदलू शकते, पण ती निवड आपल्या हातात नसून त्या गणिताच्या हातात असते. यूडीपी वापरणारा नेहमीचा ट्रेसराउट प्रत्येक प्रश्नासाठी ३३४३४ पासून पुढचा पोर्ट घेतो. त्यामुळे पोर्ट मोजणाऱ्या जाळ्यात एकाच यादीत दोन वेगळ्या मार्गांचे टप्पे मिसळतात आणि अस्तित्वातच नसलेला मार्ग दिसू लागतो. प्रवाहाची ओळख स्थिर ठेवणारा ट्रेसराउट २००६ मध्ये मांडला गेला तो याचसाठी, पण स्विचच्या आज्ञारेषेवर तो क्वचितच मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्हीआरएफ. राउटिंग टेबलच वेगवेगळी असतील तर सोर्सचा इंटरफेस आणि पिंगचा व्हीआरएफ एकच असावा लागतो. नाहीतर स्विच आज्ञाच नाकारतो. हा नकार मला हितकारक वाटतो, कारण चुकीचे यश दाखवण्यापेक्षा तो बरा.

एक मर्यादा मात्र कुठल्याही पर्यायाने जात नाही. स्विचने स्वतः तयार केलेले पॅकेट त्याच्या प्रोसेसरकडून निघते, वापरकर्त्याच्या पोर्टमधून आत येत नाही. व्हीएलॅन ३० च्या इंटरफेसवर आत येणाऱ्या रहदारीसाठी लावलेली प्रवेश-यादी त्याला लागू होत नाही, आणि वापरकर्त्याचे पॅकेट हार्डवेअरमधल्या ज्या तक्त्यांवरून पुढे जाते त्यांचीही पूर्ण परीक्षा होत नाही. `source vlan 30` यशस्वी आणि व्हीएलॅन ३० मधला संगणक अजूनही अडलेला, अशी स्थिती असेल तर पुढची चाचणी त्या संगणकावरूनच करावी लागते.