रेड वाइन डिकँट करणे

रेड वाइन बाटलीतून काचेच्या दुसऱ्या भांड्यात, म्हणजे डिकँटरमध्ये, हलक्या हाताने ओतून घेण्याच्या क्रियेला डिकँटिंग म्हणतात. तिचे हेतू दोन आहेत : तळाचा गाळ मागे ठेवणे आणि वाइनला हवा लागू देणे. हे हेतू बहुधा एकाच बाटलीत एकत्र येत नाहीत. जुन्या वाइनमध्ये गाळ असतो, पण तिला हवा सोसत नाही. तरुण वाइनला हवा मानवते, पण तिच्यात गाळ सहसा नसतो. म्हणून किती वेळ थांबायचे हे ठरवण्याआधी बाटली उजेडासमोर धरून तळाशी काय आहे ते पाहावे.

रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या साली-बियांतून येतो. रंगद्रव्ये (अँथोसायनिन) आणि तुरट द्रव्ये (टॅनिन) बाटलीत वर्षानुवर्षे एकमेकांना जोडली जातात. त्यांचे रेणू इतके मोठे होतात की ते विरघळलेले राहू शकत नाहीत आणि खाली बसतात. हाच जुन्या वाइनचा गाळ. बाटली आडवी ठेवलेली असेल तर तो एका बाजूला काळपट पट्ट्यासारखा चिकटतो. साठवण चांगली असेल तर गाळ पडत जातो तसा वरच्या वाइनचा रंग फिका, विटकरी होतो आणि तुरटपणा मऊ पडतो. गाळ अपायकारक नाही, मात्र तो कडवट आणि रवाळ लागतो. ढवळला गेला तर वाइनचा नाजूक वास झाकून टाकतो.

फ्रिजमध्ये राहिलेल्या बाटलीत कधी बुचाला किंवा तळाला चमकणारे खडे दिसतात आणि काच फुटल्याची शंका येते. ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक असतात. हा द्राक्षातलाच क्षार असून केकच्या सामानात तो क्रीम ऑफ टार्टर नावाने मिळतो. थंडीत त्याची विद्राव्यता कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. तो वाइनचे वय सांगत नाही आणि दोषही सांगत नाही. काही उत्पादक वाइन न गाळता बाटलीत भरतात, तेव्हा तरुण वाइनमध्येही मृत यीस्टचा मऊ थर दिसू शकतो. काळजी करावी ती खाली न बसणाऱ्या गढूळपणाची. बाटली दिवसभर उभी ठेवूनही वाइन धुरकट राहिली, जिभेवर बुडबुडे टोचले आणि वास आंबूस आला, तर बाटलीत पुन्हा किण्वन झाले आहे किंवा जिवाणू वाढले आहेत. ती डिकँट करून सुधारत नाही.

पुण्यातल्या घरांत येणाऱ्या बऱ्याच रेड वाइन नाशिक, अकलूज किंवा दौंड तालुक्यातल्या रोटी या भागांतल्या असतात. तिकडची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात आणि बहुतेक वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी गाळून भरलेली असते. अशा बाटलीत गाळ शोधण्याचे कारण नाही. प्रश्न फक्त हवेचा उरतो.

हवेने टॅनिन मऊ होते असे सर्रास सांगितले जाते. तासा-दोन तासांत टॅनिनच्या रचनेत फारसा फरक पडत नाही, त्याला महिने आणि वर्षे लागतात. लवकर बदलतो तो वास. बंद बाटलीत, विशेषतः फिरकीच्या झाकणाच्या, हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त द्रव्ये साचू शकतात. त्यामुळे उघडताच उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास येतो. ओतताना तो बराचसा उडून जातो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही निघतो आणि खाली दबलेला फळाचा वास वर येतो. त्याबरोबर तुरटपणाही कमी वाटतो. नुसते बूच काढून बाटली तासभर ठेवल्याने मात्र जवळजवळ काही साधत नाही, कारण गळ्याचा व्यास दोन सेंटिमीटरांहूनही कमी असतो. तरुण शिराझ किंवा काबर्ने सोविन्यों रुंद तळाच्या भांड्यात भरभर ओतावी, सुरुवातीला एक घोट चाखावा आणि दर वीस मिनिटांनी पुन्हा चाखून पाहावे. अर्धा ते एक तास बहुतेकींना पुरतो, फार दाट आणि तुरट वाइनला दोन तास लागू शकतात. फळाचा वास ओसरू लागला की थांबण्यात अर्थ नाही. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेन्यो यांचे मत तर असे होते, की गाळ असेल तरच आणि अगदी पिण्याआधी डिकँट करावे. जुन्या वाइनपुरते ते पूर्ण पटते.

समजा, बोर्दोची वीस वर्षांची बाटली शनिवारी रात्री साडेआठला जेवणाबरोबर प्यायची आहे आणि महिना एप्रिल आहे. रेड वाइन साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअसला चांगली लागते. पुण्यातल्या खोलीत त्या वेळी पारा तिशीच्या आसपास असतो. त्या उष्णतेत दारूचा उग्र वास पुढे येतो आणि वाइन हवेने लवकर थकते. म्हणून शुक्रवारी सकाळीच बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी, दाराच्या कप्प्यात नव्हे, कारण दार उघडताना ती हलते. शनिवारी सव्वासातला न हलवता बाहेर काढावी. सव्वाआठला बूच सावकाश ओढावे. जुने बूच ठिसूळ असते, त्यामुळे स्क्रू सरळ आणि खोलवर जाऊ द्यावा. बाटलीच्या खांद्याखाली मोबाइलचा टॉर्च किंवा मेणबत्ती ठेवून, एकदाही उभी न करता, बारीक धारेने ओतत राहावे. कढवलेले तूप ओतताना बेरी जशी मागे ठेवतात, तसाच हात इथे लागतो. खांद्याशी गाळाची धुरकट रेघ सरकू लागली की थांबावे. तळाची तीस ते पन्नास मिलिलिटर वाइन सोडून द्यावी. मध्येच हात थरथरून गाळ मिसळला तर धुतलेल्या मलमलीतून उरलेली वाइन गाळता येते, पण अगदी बारीक कण त्यातूनही उतरतात. ओतलेली वाइन वाट न पाहता वाढावी. एवढ्या जुन्या बाटलीचा सुगंध कधी अर्ध्या तासातही मावळतो. अरुंद भांडे यासाठी अधिक योग्य.

डिकँटर नसला तर लिटरभराचा पारदर्शक काचेचा जग पुरेसा आहे. तांब्या-पितळेचे भांडे घेऊ नये, कारण वाइनमधल्या आम्लाने तांबे उतरते. भांडे साबणाऐवजी कोमट पाण्याने धुवावे, नाहीतर साबणाचा वास राहतो.

काही दोष डिकँटिंगने जात नाहीत. बुचातल्या टीसीए या संयुगामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेत ठेवूनही टिकतो, आणि व्हिनेगरकडे झुकलेली वाइन हवेने आणखी झुकते. पुण्यात तिसराही दोष भेटतो. माळ्यावर किंवा ओट्याशेजारी एक-दोन उन्हाळे काढलेली बाटली. तिच्यातही गाळ आणि विटकरी रंग दिसतो, पण वास शिजवलेल्या फळांचा येतो आणि कधी बूच वर सरकलेले असते. हा गाळ परिपक्वतेचा नाही, उष्णतेचा आहे. अशी वाइन डिकँटरमध्ये ठेवून सुधारत नाही.