टॅबच्या जागी उभी रेघ: `tr` दशांश चिन्हाला हात का लावत नाही

समजा, जळगावकडच्या एखाद्या जिनिंगच्या काट्यावरून कापसाच्या गाड्यांची फाईल आली आहे. गाडीचा क्रमांक, क्विंटलमधलं वजन आणि ओलाव्याची टक्केवारी, मध्ये टॅब. हिशेबाच्या प्रोग्रामला मात्र रकान्यांमध्ये उभी रेघ हवी आहे. त्यासाठी एक ओळ पुरते:

```
tr '\t' '|' < kata.tsv > kata.psv
```

`417`, `18.35`, `8.2` अशी ओळ `417|18.35|8.2` होऊन बाहेर पडते. दशांश चिन्ह जागेवर राहतं, त्याचं कारण `tr` च्या घडणीत आहे.

ही आज्ञा डग्लस मॅकिलरॉय यांची, बेल लॅब्समधली. 1973 च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आली. `sed` किंवा `grep` नमुना शोधतात, म्हणून त्यांच्यात टिंबाचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा होतो. `tr` नमुना ओळखतच नाही. पहिल्या यादीतलं अक्षर दिसलं की दुसऱ्या यादीतलं त्याच क्रमाचं अक्षर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. टिंब पहिल्या यादीत नसेल, तर ते जसंच्या तसं पुढे जातं.

टॅब लिहायची पद्धत मात्र बदलत गेली. सातव्या आवृत्तीत `\t` ची सोय नव्हती, अष्टमान पद्धतीत `\011` लिहावं लागे. `\t` नंतर पॉसिक्स मानकात पक्कं झालं. एकेरी अवतरणचिन्हं आजही हवीतच. ती गाळली तर शेल उलटी रेघ खाऊन टाकतं आणि `tr` ला नुसता `t` मिळतो. उभी रेघ तर शेल स्वतःचा पाइपच समजतं.

दशांशाचा खरा घात होतो तो `-c` मुळे. सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये मजकुरातले शब्द सुटे करण्यासाठी `tr -cs A-Za-z '\012'` असं उदाहरण होतं. 'यादीत नाही ते सगळं बदला' हा त्याचा अर्थ. शब्दांसाठी ती युक्ती उत्तम आहे. तीच कुणी आकड्यांना लावली, तर काय होतं पाहा:

```
tr -cs '0-9\n' '|' < kata.tsv
417|18|35|8|2
```

टिंब हा अंक नाही, म्हणून तेही रेघ झालं. तीन रकान्यांचे पाच झाले, आणि कोणती रेघ आधी टॅब होती नि कोणती टिंब, हे आता त्या ओळीवरून सांगता येत नाही. म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये. काय बदलायचं तेच `tr` ला सांगावं, काय राखायचं ते नव्हे.

तपासायला मात्र हाच `-c` कामी येतो. `-d` जोडून टिंबांखेरीज सगळं गाळायचं आणि उरलेलं मोजायचं:

```
tr -cd '.' < kata.tsv | wc -c
tr -cd '.' < kata.psv | wc -c
```

दोन्ही आकडे सारखे आले तर दशांश शाबूत आहेत. मग रेघा मोजाव्यात. तीन रकान्यांच्या फाईलीत त्या ओळींच्या दुप्पट हव्यात. कमी भरल्या, तर कुठेतरी टॅबऐवजी मोकळ्या जागा टंकलेल्या आहेत, आणि `tr` ने त्या मुकाट्याने तशाच पुढे सोडल्या आहेत.