सकाळची पोटदुखी आणि नवी शाळा

कुटुंब दुसऱ्या शहरात गेल्यावर, नव्या शाळेतली नवलाई ओसरली की काही मुलांचे पोट रोज सकाळी दुखू लागते. घरच्यांना ते ढोंग वाटते, पण बहुतेक वेळा वेदना खरी असते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असल्यामुळे भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवतही नाही असा ताण दुखू लागतो.

जॉन ॲप्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 1950च्या दशकात शाळकरी मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास केला, तेव्हा बहुसंख्य मुलांमध्ये शारीरिक आजार सापडला नाही. बेंबीपासून वेदना जितकी दूर, तितकी आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा आजही सांगितला जातो. अर्थात, तो ठोकताळाच आहे. ताप, उलट्या, घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

उदाहरणादाखल आठ वर्षांची एक मुलगी घेऊ. सोमवारी पोट दुखले म्हणून ती घरी राहिली आणि अकरा वाजेपर्यंत खेळू लागली. पुढच्या आठवड्यात दोन दिवस बुडाले, त्यापुढच्या आठवड्यात तीन. घरी थांबताच भीती ओसरते, त्यामुळे घरी थांबणे हाच उपाय असल्याचे तिचे मन शिकत जाते. शिवाय त्या काळात वर्गातल्या मुलींच्या जोड्या जमून जातात आणि परतणे आणखी अवघड होते.

आईवडिलांनी दोन आठवडे दुखण्याची वेळ वहीत लिहिली. रविवारी दुखत नव्हते. "शाळा कशी होती?" या प्रश्नाला "बरी" एवढेच उत्तर येई, "मधल्या सुट्टीत कुठे बसलीस?" असे विचारल्यावर मात्र ती गप्प झाली. वर्गात प्रत्येकाची जागा ठरलेली असते, सुट्टीत ती स्वतःच शोधावी लागते, आणि नव्या मुलाची खरी अडचण बहुधा तिथेच असते.

म्हणून बाईंनी सुट्टीच्या आधी वह्या गोळा करण्याचे काम तिला आणि आणखी एका मुलीला मिळून दिले. काम संपले की दोघी आपोआप एकत्रच बाहेर पडत. पोट दुखल्यास पंधरा मिनिटे शांत बसून पुन्हा वर्गात यायचे, घरी फोन करायचा नाही, असेही ठरले. सगळ्या वर्गाशी ओळख करून देण्याच्या खटाटोपापेक्षा अशी एक सोबत मला अधिक उपयोगी वाटते.

दुखणे लगेच थांबत नाही, आणि सलग सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी ते पुन्हा डोके वर काढते. तेवढ्यावरून उपाय फसला असे समजू नये. मात्र शाळेत कोणी छळत असेल, तर मुलाची भीती रास्त आहे आणि तिथे नेटाने पाठवत राहण्याआधी तो छळ थांबवावा लागतो.