अशक्य त्रयी

भांडवलाची मुक्त ये-जा, स्थिर विनिमय दर आणि स्वतंत्र चलनविषयक धोरण या तीन गोष्टी कोणत्याही देशाला एकाच वेळी साधत नाहीत. फार तर दोन साधतात, तिसरी सोडावी लागते. १९६०च्या दशकात रॉबर्ट मुंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी केलेल्या मांडणीतून हा सिद्धान्त पुढे आला. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसणारी मुले याचा त्रिकोण बिनचूक काढतात आणि खाली ‘उदा. चीन, हाँगकाँग, भारत’ लिहून मोकळी होतात. उत्तर तिथेच पातळ होते. तिसरी गोष्ट हातातून सुटते कशी, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला १९९२चे ब्रिटन घ्यावे. ऑक्टोबर १९९०मध्ये ब्रिटन सदस्य देशांच्या चलनांचे आपसांतले दर ठरावीक पट्ट्यात ठेवणाऱ्या युरोपीय विनिमय दर यंत्रणेत शिरले आणि एका पौंडाला २.९५ जर्मन मार्क हा मध्यदर ठरला, २.७८च्या आसपासच्या तळाखाली पौंड जाऊ द्यायचा नव्हता. भांडवलावरची बंधने १९७९मध्येच उठली होती. इकडे एकीकरणानंतरची महागाई आवरायला जर्मनीने व्याजदर चढे ठेवले, तर मंदीतल्या ब्रिटनला ते उतरवायला हवे होते. व्याज उतरवले की पैसा मार्काकडे पळणार, म्हणून हात बांधलेले. लोकांनी हे ओळखले आणि पौंड विकायला काढले. बँक ऑफ इंग्लंड गंगाजळी ओतून तेच पौंड विकत घेत राहिली. १६ सप्टेंबरला व्याजदर १० वरून १२ टक्के झाला, दुपारी १५ची घोषणा झाली, तरी विक्री थांबेना. मंदीत १५ टक्के व्याज टिकणार नाही, हे बाजाराला ठाऊक होते. संध्याकाळी ब्रिटन यंत्रणेतून बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी दर पुन्हा १०वर आला. ‘सटोडियांनी पौंड पाडला’ एवढेच लिहिणे म्हणजे अर्धे उत्तर.

हाँगकाँगने उलटा सौदा केला. १९८३पासून तिथला डॉलर अमेरिकी डॉलरला ७.८०च्या दराने बांधलेला आहे, भांडवल मोकळे आहे आणि व्याजदर अमेरिकेमागे फरफटत जातो. २०२२मध्ये अमेरिकेने दर चढवले तेव्हा हाँगकाँगलाही चढवावे लागले.

भारताला कुठल्याही एका टोकावर बसवले की गुण जातात. शेअर बाजारात परकी पैसा येतो-जातो, पण निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात. रेपो दर इथेच ठरतो, आणि रिझर्व्ह बँक रुपयाचे हेलकावे कमी करते, त्याला एका आकड्यावर खिळवत नाही. आयात खाद्यतेलाचे पैसे डॉलरमध्ये मोजायचे असतात; रुपया घसरला की ते महाग पडते आणि लातूरच्या अडतीवर सोयाबीनच्या भावाला थोडा टेकू मिळतो. रुपया स्थिर नाही, याचा हा घरचाच दाखला आहे. उत्तरपत्रिकेत मात्र तो क्वचितच दिसतो.