जो, जिचा, ज्यातून : लांब स्पॅनिश वाक्यातली नाती

स्पॅनिशमध्ये 'ला एर्माना देल अल्काल्दे, के बिबिया एन सेबिया' असं लिहिलं, तर सेव्हिलमध्ये राहत कोण होतं? 'एर्माना' म्हणजे बहीण, 'अल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष. मराठीत 'जी राहत होती' किंवा 'जे राहत होते' म्हणताच उलगडा होतो. स्पॅनिशचा 'के' मात्र माणसाला, वस्तूला, एकाला, अनेकांना, पुल्लिंगाला, स्त्रीलिंगाला सगळ्यांना तसाच लागतो. रोजच्या बोलण्यात संबंधी सर्वनामाचं बहुतेक काम एकटा 'के' करतो, आणि छोट्या वाक्यात त्याचं काही अडतही नाही, कारण ज्या नामाबद्दल बोलायचं ते अगदी शेजारीच असतं. वाक्य लांबलं आणि मध्ये दुसरं नाम शिरलं की पंचाईत होते.

अशा वेळी लिहिताना 'एल क्वाल' वापरतात. त्यातलं उपपद लिंग-वचनाप्रमाणे बदलतं: एल क्वाल, ला क्वाल, लोस क्वालेस, लास क्वालेस. 'ला क्वाल बिबिया' लिहिलं की बहीण, 'एल क्वाल' लिहिलं की नगराध्यक्ष. माणसांसाठीच राखलेला 'किएन' इथे उपयोगाचा नाही, कारण त्याला अनेकवचन आहे ('किएनेस'), पण लिंग नाही. अर्थात नगराध्यक्षही बाई असतील तर 'ला क्वाल'सुद्धा हात टेकतो. मग वाक्य तोडून नाव पुन्हा लिहिणं हाच सरळ मार्ग.

या दोघांवर एक बंधन आहे. 'एल क्वाल' आणि 'किएन' शब्दयोगी अव्ययाशिवाय वापरायचे, तर आधी स्वल्पविराम हवा. म्हणजे मागून येणारी माहिती जादाची हवी, ओळख पटवणारी नको. 'जो माणूस आला तो' यासाठी 'एल ओम्ब्रे के बिनो' असंच म्हणावं लागतं. 'एल ओम्ब्रे किएन बिनो' हे चूक. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीच्या सवयीने तिथे 'किएन' टाकावासा वाटतो.

आता 'कुयो'. या चौघांत मला सर्वांत देखणा वाटतो तो हाच, आणि मराठी माणसाला तो समजायला सोपा जायला हवा. 'लेखिका, जिची पुस्तकं' या शब्दांत 'जि' लेखिकेकडे बोट दाखवतो आणि 'ची' पुस्तकांकडे. लेखक असेल तर आपण 'ज्याची' म्हणू. एकाच शब्दात मालक आणि मालमत्ता दोघांच्या खुणा. स्पॅनिशने यातली फक्त दुसरी खूण ठेवली आहे. म्हणून 'एल एस्क्रितोर कुयोस लिब्रोस' आणि 'ला एस्क्रितोरा कुयोस लिब्रोस', दोन्हीकडे 'कुयोस'च, कारण 'लिब्रोस' पुल्लिंगी अनेकवचनी आहे. लेखक बाई की पुरुष, याच्याशी 'कुयो'ला कर्तव्य नाही. नेहमीची चूक इथेच होते: 'एस्क्रितोरा' स्त्रीलिंगी म्हणून पुढे 'कुयास लिब्रोस' लिहिलं जातं. मराठीतला 'चा-ची-चे' कोणाशी जुळतो ते पाहावं आणि 'कुयो' त्याच्याशीच जुळवावा. त्याच्या पुढे उपपद येत नाही, म्हणजे 'कुयोस लोस लिब्रोस' नाही. मालमत्ता दोन असतील तर तो पहिलीशी जुळतो: 'कुयो पातिओ इ बाल्कोनेस', ज्याचं अंगण आणि बाल्कन्या.

आता हे सगळं एका वाक्यात पाहू: 'ला एर्माना देल अल्काल्दे, ला क्वाल बिबिया एन सेबिया, बेन्दिओ ला कासा कुयोस बाल्कोनेस दाबान आ ला प्लासा एन ला के से सेलेब्राबा ला फेरिया.' नगराध्यक्षांच्या सेव्हिलमध्ये राहणाऱ्या बहिणीने घर विकलं, ज्याच्या बाल्कन्या जत्रा भरणाऱ्या चौकाकडे तोंड करून होत्या. 'ला क्वाल' मागे बहिणीकडे पाहतो, 'कुयोस' पुढे बाल्कन्यांकडे. चौकाला 'एन ला के' पुरतो, कारण 'एन' (मध्ये) हे छोटंसं अव्यय आहे आणि त्याच्यानंतर 'के' सहज बसतो. वस्तू किंवा जागा असेल तर नुसतं 'एन के'ही चालतं. अव्यय लांबलं, जसं 'आ त्रावेस दे' (मधून), की औपचारिक लिखाणात 'क्वाल'ला पसंती मिळते: 'ला बेन्ताना आ त्रावेस दे ला क्वाल से बेइआ एल मार', जिच्यातून समुद्र दिसायचा ती खिडकी. 'क्वाल'वर आघात येतो, 'के'वर येत नाही. त्यामुळे लांबलचक अव्ययाचा भार 'क्वाल'ला जास्त पेलतो.

बोलीत 'कुयो' आता क्वचितच ऐकू येतो. लोक त्याऐवजी 'के सु' म्हणतात: 'ला एस्क्रितोरा के सुस लिब्रोस', जणू 'लेखिका जी तिची पुस्तकं'. व्याकरणकार याला 'केसुइस्मो' म्हणतात आणि लिखाणात टाळायला सांगतात. उलट्या बाजूची चूकही असते: मालकीचा काही संबंध नसताना, निव्वळ भारदस्तपणासाठी, 'एल क्वाल'च्या जागी 'कुयो' वापरणं. त्यात 'एन कुयो कासो' (तसं झाल्यास) मात्र रूढ होऊन बसलं आहे आणि ते बिनधास्त लिहावं.