जलसंजीवनी: एक शब्द आणि तीन वेगवेगळी पाणी

लहान आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं गेलं. पुढे त्यात पोटॅशियम आलं. १९८४ च्या सुमारास सोड्याऐवजी सायट्रेट आलं, कारण दमट हवेत सोड्याची पाकिटं लवकर खराब होत.

मराठीत गोंधळ झाला तो नावाचा. पाकीट मिळत नसे त्या काळात घरोघर शिकवलेलं मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, ‘जलसंजीवनी’ म्हणून रुजलं. आरोग्य केंद्रातलं ओआरएसचं पाकीट आलं, त्यालाही तेच नाव मिळालं. घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, सायट्रेट नसतं, आणि चिमूट प्रत्येक हाताची वेगळी पडते. पाकीट हाताशी येईपर्यंत ते ठीक आहे, पाकिटाच्या जागी नाही. तिसरं पाणी म्हणजे दुकानातली फळांच्या स्वादाची तयार पेयं. नावात ओआरएस ही अक्षरं मिरवणाऱ्या या पेयांपैकी अनेकांत साखर कितीतरी जास्त आणि सोडियम कमी होतं. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून जुलाब वाढतात. ‘हे ओआरएसचं सूत्र नाही’ अशी सूचनेची ओळ छापून ती अक्षरं वापरायची मुभा काही वर्षं होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती काढून घेतली. हा निर्णय फार उशिरा झाला, कारण औषधाच्या दुकानात घाईघाईने ओआरएस मागणारी आई बारीक अक्षरं वाचत नाही.

पाकिटातही बदल झाला. जुन्या सूत्रात लिटरला ९० मिलिमोल सोडियम होतं. २००२ नंतर आलेल्या सूत्रात ७५ आहे, आणि सगळ्या विरघळलेल्या घटकांची बेरीज ३११ वरून २४५ वर आली. कॉलऱ्यात मोठ्यांचं सोडियम खूप जातं, त्यांना हे कमी पडेल, असा आक्षेप तेव्हा जोरात होता. मुलांमध्ये मात्र नव्या सूत्राने शी आणि उलट्या कमी झाल्या, सलाईनची गरजही कमी लागली, म्हणून सगळ्यांसाठी एकच पाकीट ठरलं.

हे आकडे पाणी बरोबर मोजलं तरच खरे. साधारण २१ ग्रॅमचं पाकीट एका लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात ओतलं, तर सोडियम पाचपट, म्हणजे ३७५ होतं. असं पाणी पिऊन बाळाची तहान वाढत जाते, ते चिडचिडं होतं, रक्तातलं सोडियम फार चढलं तर झटके येतात. अंदाजाने अर्धं पाकीट वापरणंही तितकंच चुकीचं, कारण पूड सारखी मिसळलेली असेलच असं नाही. म्हणून एक लिटरची बाटली भरून पाणी मोजावं, उकळून गार केलेलं असावं, आणि त्यात अख्खं पाकीट रिकामं करावं. पूड घातल्यावर पुन्हा उकळू नये. दूध, रस, वरची साखर घालू नये. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकावं.

आता पाजणं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० द्यावं. डोळे खोल गेलेत, बाळ अधाशासारखं पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होते, असं दिसलं तर आरोग्य केंद्रात चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर देतात. दीड वर्षाच्या दहा किलोच्या बाळाला ते ७५० मिलिलिटर होतं. आकडा घाबरवतो, पण पाच मिलिलिटरचा एक चमचा दर दीड मिनिटाला दिला की तासाला २०० मिलिलिटर जातं आणि पावणेचार तासांत पूर्ण होतं. वाटी तोंडाला लावून एकदम पाजलं की पोट ताणतं आणि उलटी होते, मग ‘पोटात काही ठरत नाही’ म्हणून घरचे थांबतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. उलटीतून सगळं बाहेर पडत नाही. पापण्या सुजल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्यावं. अंगावरचं दूध आणि खाणं एरवीही चालू ठेवायचं.

२००४ पासून सोबत झिंकही आलं: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

बाळ सुस्त पडलं, पिऊच शकत नसलं, सतत उलटत असलं किंवा शीत रक्त दिसलं, तर चमच्यावर विसंबून घरी बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावं. शुद्धीत नसलेल्या बाळाच्या तोंडात काहीही घालू नये.