पट्टा ठेवायचा, सावली नव्याने पाडायची: झाकलेल्या चेहऱ्याच्या अदलाबदलीची पार्श्वभूमी

एका व्यक्तीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा बसवायचा म्हटलं की सगळं लक्ष नाक, डोळे, ओठ जुळतात की नाही याकडे जातं. पण गॉगल, मास्क किंवा हेल्मेटचा पट्टा आला की आधी वेगळंच ठरवावं लागतं: समोर दिसणाऱ्या पिक्सेलांपैकी चेहऱ्याचे कोणते आणि चेहऱ्यापुढच्या वस्तूचे कोणते? वस्तूचे पिक्सेल मूळ फ्रेममधून जसेच्या तसे ठेवायचे असतात आणि चेहऱ्याचे नव्याने घडवायचे असतात. ही सीमारेषा कोण आखणार, यावरच या तंत्राचा गेल्या तीस वर्षांचा बराचसा इतिहास घडला आहे.

सुरुवातीला ती माणूसच आखत होता. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मध्ये छतातून लोंबकळणाऱ्या मुलीच्या प्रसंगात स्टंट करणाऱ्या स्त्रीने नेमकं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, तेव्हा त्या शॉटमध्ये तिच्या चेहऱ्याच्या जागी अभिनेत्रीचा चेहरा संगणकावर बसवला गेला. अशा कामात रोटो कलाकार फ्रेमगणिक वस्तूची कड वक्ररेषांनी आखतो आणि त्यातून मॅट तयार होतो. मॅट म्हणजे काळा-पांढरा नकाशा: पांढऱ्या जागी नवा चेहरा, काळ्या जागी मूळ चित्र. काम कंटाळवाणं खरं, पण पट्टा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो हे त्या कलाकाराला कुणी सांगावं लागत नाही.

स्वयंचलित पद्धती आल्या तेव्हा नेमकी हीच समज गळून पडली. २००३ मध्ये पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक यांनी मांडलेल्या ‘प्वासाँ’ मिश्रणामुळे एका चित्राचा तुकडा दुसऱ्यात शिवण न दिसता बसू लागला. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी फोटोतले चेहरे आपोआप बदलणारी व्यवस्था दाखवली. मोठ्या संग्रहातून डोक्याचा कल आणि उजेड जुळणारा चेहरा निवडायचा आणि चेहऱ्याच्या आतल्या ठरावीक भागावर तो बसवायचा, अशी तिची रीत होती. भाग ठरावीक असल्यामुळे त्यात गॉगल आला काय किंवा बोट आलं काय, व्यवस्थेच्या लेखी ती त्वचाच.

२०१७ च्या अखेरीस ऑटोएन्कोडर या प्रकारच्या न्यूरल नेटवर्कवर आधारलेले डीपफेक पसरले, पण ही खोड तशीच राहिली. चेहऱ्यावरचे खुणेचे बिंदू शोधायचे, सगळ्यात बाहेरचे बिंदू जोडून बहुभुज काढायचा आणि त्याच्या आतलं सगळं बदलायचं, असा तेव्हाचा मॅट असे. हात चेहऱ्यासमोर आला की बोटं विरघळून जात आणि गॉगलची दांडी गालावर येऊन अर्ध्यातच संपे. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस खरा आहे का हे बघण्यासाठी त्याला चेहऱ्यापुढून हात फिरवायला सांगतात, ती युक्ती याच दुबळेपणावर बेतलेली आहे. आताच्या चांगल्या मॅटपुढे मात्र ती भरवशाची उरलेली नाही.

याला सरळ उत्तर युव्हाल निर्किन आणि सहकाऱ्यांनी २०१८ च्या निबंधात दिलं. चेहरा बसवण्याइतकंच चेहरा कुठे दिसतो आहे हे नीट ओळखणं महत्त्वाचं आहे, असं धरून त्यांनी त्यासाठी स्वतंत्र नेटवर्क शिकवलं. पुढच्या वर्षीच्या ‘एफएसगॅन’ या पद्धतीत त्याच गटाने समस्येची दुसरी बाजूही घेतली. ज्याचा चेहरा बसवायचा त्याच्याच गालावर केस असतील किंवा गाल पलीकडे वळलेला असेल, आणि मूळ फ्रेममध्ये ती जागा उघडी असेल, तर तिथलं काहीच हाताशी नसतं. ती जागा भरण्यासाठी त्यांनी वेगळं नेटवर्क ठेवलं. म्हणजे ‘काय ठेवायचं’ आणि ‘काय घडवायचं’ हे दोन प्रश्न इथे ठळकपणे वेगळे झाले.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती २०१९ च्या अखेरीस आलेल्या ‘फेसशिफ्टर’मधली कल्पना. नेटवर्कला एकाच माणसाचं चित्र दोन्ही बाजूंनी द्यायचं: चेहरा याचाच आणि बसवायचाही यालाच. आदर्श परिस्थितीत बाहेर पडणारं चित्र मूळ चित्रच असायला हवं. प्रत्यक्षात चेहऱ्यापुढचा माइक किंवा लोंबती पट्टी पुसट होते, कारण नेटवर्कला चेहरे घडवता येतात, माइक येत नाही. मग मूळ चित्रातून हे चित्र वजा केलं की जिथे मोठा फरक उरतो, तिथे बहुधा वस्तू आहे. हा फरक दुसऱ्या नेटवर्कला देऊन हरवलेली वस्तू परत आणायची. कुणीही हाताने मॅट आखलेला नसतो; नेटवर्कच्या चुकीचाच नकाशा वापरलेला असतो.

या युक्तीची मर्यादाही तिच्यातच आहे. जी वस्तू शिकवणीच्या फोटोंमध्ये वारंवार येते, ती नेटवर्क चेहऱ्याचाच भाग म्हणून शिकतं. चष्मा हे त्याचं ठळक उदाहरण. तो बऱ्यापैकी परत घडवला जातो, फरक कमी येतो आणि व्यवस्थेला सावध व्हायचं कारणच मिळत नाही. मग चष्मा राहतो, पण तो मूळ चष्मा नसतो. चष्म्याच्या फ्रेमची जाडी किंचित बदलते, काचेतलं प्रतिबिंब हरवतं, आणि व्हिडिओत दर फ्रेमला दांडी थोडी थरथरते. स्थिर फोटोत हे लक्षात येत नाही, म्हणून तपासणी चालत्या चित्रावरच करावी.

यानंतर गाडी पुन्हा माणसाकडे वळली. चेहरे बदलण्याच्या ‘डीपफेसलॅब’ या साधनातल्या एक्स-सेग या मॅट काढणाऱ्या भागात वापरणारा स्वतःच्या चित्रफितीतल्या मोजक्या फ्रेमवर बहुभुज काढतो आणि नेटवर्क ते शिकून उरलेल्या फ्रेमवर लावतं. ‘फेसफ्यूजन’सारख्या साधनांत तयार मॅट निवडता येतात: `box`, `occlusion`, `region`. पहिला फक्त चौकोन, दुसरा समोरची वस्तू वगळणारा, तिसरा नाक-ओठ-भुवया असे भाग ओळखणारा. पण साधन बदललं तरी ठरवायचं तेच उरतं. ते कसं ठरवायचं हे एका शॉटवर पाहू.

समजा, स्टंट करणारा दुचाकीस्वार आहे. उघड्या तोंडाचं हेल्मेट, गडद गॉगल, हनुवटीखाली पट्टा. नटाच्या संमतीने त्याचा चेहरा या स्वारावर बसवायचा आहे. पहिली अडचण मॅटच्याही आधी येते. चेहरा सरळ करून चौकोनात बसवण्यासाठी बहुतेक साधनं पाच बिंदूंवर अवलंबून असतात: दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. गॉगलमुळे यातले दोन झाकले जातात, मास्क घातला की उरलेले तीन. दोन्ही असतील तर पाचही बिंदू अंदाजाने ठरतात. अंदाज दर फ्रेमला थोडा बदलला की नवा चेहरा हेल्मेटच्या आत डुलायला लागतो. आपल्या स्वाराचे नाक आणि ओठ उघडे आहेत, तेव्हा निभावतं. फक्त डोळ्यांचे बिंदू काही फ्रेममध्ये सरासरी काढून स्थिर करावे लागतात.

आता गॉगल. काचेमागचे डोळे घडवायचे का? याचं उत्तर काचेच्या गडदपणात आहे. उन्हाच्या चष्म्यांच्या मानकात श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. पण बाहेरून डोळा दिसायला प्रकाशाला काच दोनदा ओलांडावी लागते, आत जाताना आणि परत येताना. १५ टक्क्यांची काच असेल तर ०.१५ × ०.१५, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. बाजूने आत शिरणारा उजेड वेगळा, पण तोही बाहेर येताना एकदा काच ओलांडतोच. काचेचा पुढचा पृष्ठभाग मात्र आकाशाचा सुमारे ४ टक्के प्रकाश सरळ परत फेकतो. म्हणजे दिसतं ते आकाश, डोळा नाही. इथे काच पूर्ण मूळचीच ठेवावी. उलट ६० टक्के प्रकाश सोडणारी फिकट काच असेल, तर दोनदा ओलांडूनही ३६ टक्के उरतो आणि मागचा जुना डोळा स्पष्ट ओळखू येतो. तिथे नवा डोळा घडवून, काचेइतका गडद करून, वरून मूळ प्रतिबिंब ठेवावं लागतं. मॅट तेव्हा काळा किंवा पांढरा राहत नाही, मधला राखाडी होतो. हो-नाही अशी दोनच उत्तरं देणारे मॅट इथे हमखास फसतात.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो पट्टा. प्रचलित `inswapper_128` मॉडेल चेहरा १२८ × १२८ पिक्सेलच्या चौकोनात घडवतं. त्यात एक पिक्सेल साधारण पावणेदोन मिलिमीटर चेहऱ्याएवढा. दोन सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे अकरा-बारा पिक्सेल, वाईट नाही. पण मूळ फ्रेममध्ये चेहरा ४०० पिक्सेल रुंद असेल, तर चौकोनातला एक पिक्सेल तिथे सुमारे पाच पिक्सेल व्यापतो. पट्टा स्वतः मूळ फ्रेममधूनच येतो, त्यामुळे तो धारदारच राहतो. चुकते ती कड. मॅटही त्याच चौकोनात काढला आणि कड एका पिक्सेलने आत सरकली, तर पट्ट्याच्या काठावर नवी त्वचा चढते. बाहेर सरकली तर पट्ट्याला लागून जुन्या गालाची पाचेक पिक्सेलची रेघ उरते. म्हणून पट्ट्यापुरता मॅट मूळ फ्रेमच्या आकारातच काढावा. शिवाय प्वासाँ मिश्रण वापरायचं असेल तर त्याची सीमा पट्ट्यावरून जाऊ देऊ नये. ही पद्धत सीमेवरचा रंग आत पसरवते, आणि मग काळा पट्टा गालावर दाढीसारखा करडा डाग सोडतो.

मॅट अगदी बरोबर असूनही चित्र खोटं वाटतं, तेव्हा बघावी ती सावली. पट्ट्याच्या काठाला गालावर सावलीची बारीक पट्टी पडते. ती वस्तू नाही, जुन्या त्वचेवरचा प्रकाश आहे. तशीच ठेवली तर तिच्यासोबत जुन्या गालाचा रंगही राहतो. पुसली तर पट्टा गालाला टेकलेला न दिसता तरंगतो. म्हणून सावलीतला उजेड आणि शेजारच्या उन्हातल्या त्वचेचा उजेड यांचं गुणोत्तर मूळ फ्रेममधून घ्यायचं, समजा ०.५५, आणि नव्या गालाला तेवढ्याने गुणायचं. हा गुणाकार गॅमा, म्हणजे चित्र साठवताना उजेडाच्या आकड्यांना दिलेला बाक, काढून रेषीय उजेडातच करायला हवा, नाहीतर सावली अपेक्षेपेक्षा गडद पडते. गॉगलखालच्या अर्धचंद्राकृती सावलीलाही हाच हिशेब लागतो.

स्वाराने कापडी मास्कही घातला असता, तर मॅटचं काम उलट सोपं झालं असतं. मोठी सलग वस्तू, सहज ओळखू येणारी. पण कापडाला आकार मूळ माणसाच्या नाकाने आणि जबड्याने दिलेला असतो. रुंद जबड्यावर ताणलेल्या मास्कवर निमुळत्या चेहऱ्याच्या नटाचे डोळे बसवले, की कानाजवळ मास्कची कड आणि नवा गाल यांच्यात फट पडते. मास्क नव्याने घडवून ती बुजवता येते, पण घड्या आणि शिवण दर फ्रेमला बदलू लागतात. माझा कल मास्क तसाच ठेवून गालाचा आकार मूळ माणसाचाच राखण्याकडे आहे. बदल भुवया, डोळे आणि कपाळाचा दिसणारा भाग एवढ्यापुरताच ठेवायचा. गॉगलही असेल तर भुवयांच्या वरची पट्टी तेवढी उरते, आणि अशा शॉटमध्ये चेहरा बदलण्यापेक्षा नटाच्या बांध्याचा स्टंटवाला निवडणं स्वस्त पडतं.